तीन स्वतंत्र गट आणि तिरपे प्राप्तांक : क्रुस्कल-वॉलिस कसोटीची निवड व उपयोजन

४.१ प्रास्ताविक

भाषाविषयक प्रकल्पात माहिती गोळा करणे विद्यार्थ्यांना सहसा जड जात नाही. अडचण येते ती पुढे, गोळा केलेल्या आकड्यांवरून काय म्हणता येईल हे ठरवताना. मागील घटकात आपण मध्यमान, मध्यांक व प्रमाण विचलन यांची ओळख करून घेतली. या घटकात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : तीन वेगवेगळ्या गटांतील व्यक्तींचे प्राप्तांक हाती आहेत, प्रत्येक गट लहान आहे आणि प्राप्तांक एका बाजूला झुकलेले आहेत, अशा वेळी गटांची तुलना कोणत्या कसोटीने करावी?

विवेचनासाठी एक कल्पित प्रकल्प घेऊ. प्रथम वर्ष कला शाखेच्या वीस विद्यार्थ्यांना मराठीतील एकच उतारा श्रुतलेखनासाठी दिला आणि प्रत्येकाच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजल्या. शालेय शिक्षणाच्या माध्यमानुसार विद्यार्थ्यांचे तीन गट पडतात. आकडे उदाहरणापुरते रचलेले आहेत. मात्र त्यांची ठेवण चुकांच्या मोजणीत नेहमी दिसते तशीच आहे.

मराठी माध्यम (७ विद्यार्थी) : २, ३, ३, ४, ५, ६, १९
सेमी-इंग्रजी (६ विद्यार्थी) : ३, ५, ७, ८, ९, २४
इंग्रजी माध्यम (७ विद्यार्थी) : ७, ९, ११, १२, १४, १७, ३८

४.२ वितरण तिरपे आहे हे कसे ओळखावे?

चुकांची संख्या शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. वर मात्र तिला मर्यादा नसते. त्यामुळे बहुतेक विद्यार्थी कमी चुकांपाशी दाटीने उभे राहतात आणि एखाददुसरा फार दूर जातो. आलेख काढल्यास उजवीकडे लांब शेपूट दिसते. यालाच उजवीकडे तिरपे वितरण म्हणतात. चुका, वाक्यातील परभाषिक शब्दांची संख्या, बोलताना घेतलेल्या विरामांचा काळ असे भाषेच्या अभ्यासातील बरेचसे प्राप्तांक याच जातीचे असतात.

प्रत्येक गटात वीस-पंचवीस व्यक्ती असत्या, तर आलेखावरून हे सहज कळले असते. सहा-सात व्यक्तींच्या गटात आलेख फारसे काही सांगत नाही. तेथे दोन साध्या खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण म्हणजे मध्यमान आणि मध्यांक यांतील अंतर. मराठी माध्यमाच्या गटाचे मध्यमान ६ आणि मध्यांक ४ आहे. सेमी-इंग्रजी गटात हे आकडे ९.३३ व ७.५, तर इंग्रजी माध्यमात १५.४३ व १२ आहेत. तिन्ही ठिकाणी मध्यमान मध्यांकापेक्षा मोठे आहे, कारण शेपटीतील एकेका विद्यार्थ्याने ते वर ओढले आहे. मराठी माध्यमातील सातपैकी सहा विद्यार्थ्यांच्या चुका ६ किंवा त्याहून कमी आहेत; अशा गटाचा ‘सरासरी विद्यार्थी’ सहा चुका करतो, असे म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल.

दुसरी खूण म्हणजे मध्यमानातून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून पाहणे. मराठी माध्यमाचे प्रमाण विचलन ५.८९ आहे. ६ मधून ११.७८ वजा केल्यास उत्तर उणे येते. उणे चुका संभवतच नाहीत. म्हणजे मध्यमानाच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरणारा घंटाकृती वक्र या प्राप्तांकांना लागू होत नाही.

येथे विद्यार्थी हमखास एक वाट धरतात : ३८ चुकांचा विद्यार्थी ‘अपवाद’ म्हणून वगळून टाकतात. तसे करू नये. आधी ती वही पुन्हा पाहावी. ‘आणि’ हा शब्द उताऱ्यात नऊ वेळा आला असेल आणि विद्यार्थ्याने तो नऊही वेळा ‘आणी’ असा लिहिला असेल, तर त्या नऊ चुका मोजायच्या की एक? या प्रश्नाचे उत्तर मोजणीपूर्वीच ठरलेले असले पाहिजे आणि वीसही वह्यांना एकच नियम लागू झाला पाहिजे. (माझ्या मते चुकांच्या प्रकल्पातील निम्म्याहून अधिक गोंधळ संख्याशास्त्रात नसून या मोजणीच्या नियमातच असतो.) नियम पाळूनही ३८ हाच आकडा येत असेल, तर तो खरा आहे आणि तो विद्यार्थी गटातच राहील.

४.३ प्रसरण विश्लेषण येथे का अडखळते?

तीन गटांच्या तुलनेसाठी पुस्तकात प्रथम भेटते ती प्रसरण विश्लेषणाची पद्धत. ती मध्यमानांची तुलना करते : गटागटांतील फरक हा गटांच्या आतील विखुरणाच्या मानाने पुरेसा मोठा आहे का, हे F या गुणोत्तरावरून ठरते. आपल्या प्राप्तांकांवर ही पद्धत चालवली, तर F = २.३७ येते. २ व १७ या स्वाधीनता मात्रांसाठी ०.०५ पातळीवर किमान ३.५९ हवे. म्हणजे शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

आता एक प्रयोग करून पाहू. इंग्रजी माध्यमातील ३८ चुकांच्या विद्यार्थ्याने ६० चुका केल्या असत्या, तर काय झाले असते? त्या गटाचे मध्यमान १५.४३ वरून १८.५७ वर जाते. गटांतील फरक वाढला, तेव्हा F देखील वाढावयास हवे असे वाटते. प्रत्यक्षात ते १.९६ पर्यंत खाली येते! कारण उघड आहे. त्या एका प्राप्तांकाने मध्यमान थोडे वाढवले. पण गटाच्या आतील विखुरण त्याहून कितीतरी अधिक वाढवले. वीसपैकी एका विद्यार्थ्याच्या वहीवर निष्कर्ष हेलकावे खातो. मोठ्या नमुन्यात अशा एका व्यक्तीचा प्रभाव विरून जातो. सहा-सातांच्या गटात तो विरत नाही.

४.४ कोणती अप्राचलीय कसोटी?

प्राप्तांकांचे वितरण विशिष्ट आकाराचे आहे असे गृहीत न धरणाऱ्या कसोट्यांना अप्राचलीय कसोट्या म्हणतात. त्यांपैकी पुष्कळ कसोट्या मूळ प्राप्तांकांऐवजी त्यांचे क्रमांक वापरतात. मात्र ‘अप्राचलीय’ एवढे ठरल्याने निवड संपत नाही. गट किती, ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का आणि गटांच्या क्रमाविषयी आपण आधीच काही म्हटले आहे का, हे पाहावे लागते.

गट दोनच असते, तर मॅन-व्हिटनी कसोटी पुरली असती. गट तीन असताना तीच कसोटी तीन जोड्यांवर तीनदा चालवण्याचा मोह होतो. परंतु प्रत्येक वेळी चुकीने ‘फरक आहे’ म्हणण्याची शक्यता ५ टक्के ठेवली, तर तीन वेळांत निदान एकदा तरी तसे घडण्याची शक्यता सुमारे १४ टक्क्यांपर्यंत जाते. त्याच विद्यार्थ्यांकडून तीन वेगवेगळे उतारे लिहून घेतले असते, तर गट स्वतंत्र राहिले नसते. तेथे मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ साली मांडलेली कसोटी योग्य ठरते. आपल्या प्रकल्पात तीन गटांत वेगवेगळ्या व्यक्ती आहेत. म्हणून १९५२ साली विल्यम क्रुस्कल आणि ॲलन वॉलिस यांनी मांडलेली कसोटी निवडावी. ‘मराठी माध्यमात सर्वांत कमी, सेमीमध्ये त्याहून जास्त आणि इंग्रजीत सर्वाधिक चुका’ अशी क्रमबद्ध परिकल्पना वह्या तपासण्यापूर्वीच लिहून ठेवली असेल, तर योंकहेरे-टर्प्स्ट्रा ही कसोटी अधिक धारदार आहे. आकडे पाहून नंतर सुचलेला क्रम मात्र तिच्यासाठी चालत नाही.

स्वतंत्रतेची अट कोणत्याही कसोटीने सैल होत नाही, हे ध्यानात ठेवावे. एका बाकावरील दोघांनी एकमेकांचे पाहून लिहिले, तर त्यांच्या चुका स्वतंत्र नाहीत. दुसरा दोष भाषेच्या प्रकल्पांत फार आढळतो : वीस विद्यार्थ्यांनी लिहिलेला प्रत्येक शब्द हाच एकेक नमुना धरून ‘नमुन्याचा आकार २०००’ असे लिहिले जाते. नमुन्याचे एकक विद्यार्थी आहे, शब्द नव्हे. एकाच हाताने लिहिलेले शंभर शब्द म्हणजे शंभर व्यक्तींची साक्ष होत नाही.

४.५ कसोटीची मांडणी

क्रुस्कल-वॉलिस कसोटीमागील कल्पना साधी आहे. तिन्ही गट क्षणभर विसरून वीसही प्राप्तांक लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लावावेत आणि त्यांना १ ते २० क्रमांक द्यावेत. मग ते क्रमांक आपापल्या गटात परत पाठवावेत. गटांत फरक नसेल, तर लहान-मोठे क्रमांक तिन्ही गटांत मिसळलेले असतील आणि प्रत्येक गटाचा सरासरी क्रमांक १०.५ च्या आसपास येईल. एखाद्या गटाकडे मोठे क्रमांक गोळा झाले असतील, तर त्याची सरासरी दूर जाईल.

सर्वांत कमी, म्हणजे २ चुका असलेल्याला क्रमांक १ मिळतो. त्यानंतर ३ चुका असलेले तिघे आहेत. त्यांना २, ३ व ४ हे क्रमांक मिळायचे. पण तिघांत डावे-उजवे करता येत नसल्याने तिघांनाही त्यांची सरासरी, म्हणजे ३ हा क्रमांक द्यावा. ५ चुकांचे दोघे प्रत्येकी ६.५, ७ चुकांचे दोघे ९.५ आणि ९ चुकांचे दोघे १२.५ हा क्रमांक घेतात. याप्रमाणे गटवार क्रमांक असे येतात :

मराठी : १, ३, ३, ५, ६.५, ८, १८, बेरीज ४४.५, सरासरी ६.३६
सेमी : ३, ६.५, ९.५, ११, १२.५, १९, बेरीज ६१.५, सरासरी १०.२५
इंग्रजी : ९.५, १२.५, १४, १५, १६, १७, २०. बेरीज १०४, सरासरी १४.८६

पुढे जाण्यापूर्वी एक ताळा करावा. तिन्ही बेरजा मिळून N(N + 1)/2, म्हणजे येथे २१० आल्या पाहिजेत. ४४.५, ६१.५ व १०४ यांची बेरीज २१० आहे. ती जुळली नाही, तर बहुधा समान प्राप्तांकांना क्रमांक देताना चूक झालेली असते. संगणकाच्या तक्त्यात हे काम करावयाचे असल्यास वीसही प्राप्तांक B2 ते B21 या रकान्यांत ठेवून पुढील सूत्र वापरावे :

```
=RANK.AVG(B2,$B$2:$B$21,1)
```

शेवटचा 1 विसरल्यास क्रमांक उलटे, म्हणजे मोठ्या प्राप्तांकापासून लागतात. त्याने कसोटीचे उत्तर बदलत नाही. पण सरासरी क्रमांकांचा अर्थ उलटा होतो आणि निवेदनात घोटाळा होतो.

आता सूत्र पाहू. R म्हणजे गटातील क्रमांकांची बेरीज, n म्हणजे त्या गटातील व्यक्ती आणि N म्हणजे एकूण व्यक्ती.

```
H = [12 / (N(N+1))] × (R1²/n1 + R2²/n2 + R3²/n3) − 3(N+1)
```

४४.५ चा वर्ग भागिले ७ म्हणजे २८२.८९, ६१.५ चा वर्ग भागिले ६ म्हणजे ६३०.३८, १०४ चा वर्ग भागिले ७ म्हणजे १५४५.१४. त्यांची बेरीज २४५८.४१. तिला १२/४२० ने गुणून ७०.२४ आणि त्यातून ६३ वजा करून H = ७.२४. समान प्राप्तांकांमुळे H किंचित कमी येते, म्हणून एक दुरुस्ती करतात. समान प्राप्तांकांच्या प्रत्येक समूहासाठी t³ − t काढावे : तिघांच्या समूहाचे २४ आणि दोघांच्या तीन समूहांचे प्रत्येकी ६, मिळून ४२. यास N³ − N ने, म्हणजे ७९८० ने भागून भागाकार १ मधून वजा केल्यास ०.९९४७ येते. ७.२४ ला त्याने भागून अंतिम H = ७.२८ मिळते.

हे मूल्य काय-वर्गाच्या तक्त्याशी ताडून पाहावे. स्वाधीनता मात्रा गटांच्या संख्येहून एकाने कमी, म्हणजे २, आणि ०.०५ पातळीवरील तक्त्यातील मूल्य ५.९९. आपले H त्याहून मोठे आहे. P चे मूल्य ०.०२६ येते. तिन्ही गट एकाच वितरणातून आले आहेत ही शून्य परिकल्पना नाकारावी लागते.

३८ च्या जागी ६० ठेवल्यास H चे काय होईल? काहीच नाही. तो प्राप्तांक विसाव्या क्रमांकावर होता, तेथेच राहील. क्रमांकांनी मिळणारे हे संरक्षण फुकटचे नाही. ३८ आणि ६० यांतील फरक आपण गमावलेला असतो. ज्या प्रकल्पात तो अतिटोकाचा विद्यार्थीच अभ्यासविषय आहे, तेथे ही कसोटी त्याच्याविषयी मौन बाळगेल.

प्रसरण विश्लेषणाने ‘नाही’ आणि या कसोटीने ‘आहे’ म्हटले, हे पाहून दोन्ही चालवून सोयीचे उत्तर घ्यावे असे कुणाला वाटेल. तसे करणे म्हणजे निकाल पाहून पंच निवडणे होय. चुकांची मोजणी तिरपी असणार आणि गट लहान असणार, हे प्रकल्पाच्या आराखड्यातच माहीत असते. कसोटीचे नाव तेव्हाच लिहून ठेवावे.

४.६ फरक नेमका कोणत्या गटांत?

H एवढेच सांगते की तिन्ही गट सारखे नाहीत. पुढील शोधासाठी ऑलिव्ह जीन डन यांनी १९६४ साली मांडलेली पद्धत वापरतात. तीत दोन गटांच्या सरासरी क्रमांकांतील अंतराला त्याच्या प्रमाण त्रुटीने भागून z काढतात. क्रमांक पहिल्या कसोटीतीलच घ्यावयाचे. जोडीपुरते नव्याने लावावयाचे नाहीत.

मराठी व इंग्रजी माध्यमांच्या सरासरी क्रमांकांतील अंतर ८.५ आहे आणि प्रमाण त्रुटी ३.१५; म्हणून z = २.७०. तीन तुलना करीत असल्यामुळे ०.०५ ला तीनने भागावे. त्यानुसार z किमान २.३९ हवा. ही जोडी ती मर्यादा ओलांडते. मराठी व सेमी यांसाठी z = १.१९, तर सेमी व इंग्रजी यांसाठी १.४०. या दोन्ही जोड्यांत फरक सिद्ध होत नाही.

‘सिद्ध होत नाही’ हे शब्द मोजून वापरले आहेत. ‘मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमांत फरक नाही’ असे वाक्य अनेक प्रकल्पांच्या शेवटी आढळते. ते या आकड्यांतून निघत नाही. सात आणि सहा विद्यार्थ्यांच्या तुलनेत मध्यम आकाराचा खरा फरकही सहज निसटतो. गट फारच लहान असले, तर कसोटी मुळातच मुकी होते. प्रत्येक गटात दोनच व्यक्ती असतील, तर सहा क्रमांक तीन गटांत वाटण्याचे ९० प्रकार होतात. त्यांपैकी गट पूर्णपणे वेगळे पडण्याचे प्रकार ६ आहेत. ६/९० म्हणजे ०.०६७. याहून लहान p मिळणे शक्यच नाही. आकडे कसेही आले तरी ०.०५ ची पातळी गाठता येणार नाही. प्रत्येक गटात निदान पाच व्यक्ती असल्या, तर काय-वर्गाचा तक्ता कामचलाऊ ठरतो. त्याहून कमी असल्यास या कसोटीसाठी स्वतंत्रपणे तयार केलेले अचूक तक्ते पाहावेत.

४.७ निष्कर्ष कसा लिहावा?

क्रुस्कल-वॉलिस ही मध्यांकांची तुलना करणारी कसोटी आहे, असे बऱ्याच पुस्तकांत वाचावयास मिळते. तिन्ही गटांच्या वितरणाचा आकार व पसारा सारखा असेल तरच ते खरे. आपल्या प्रकल्पात इंग्रजी माध्यमाच्या गटाचा पसारा इतरांपेक्षा मोठा आहे. म्हणून ‘एका गटातील प्राप्तांक दुसऱ्यापेक्षा मोठे असण्याकडे कल आहे’ असे म्हणणे अधिक बिनचूक. हा कल वाचकाला समजेल अशा रीतीने सांगण्याची एक सोपी वाट आहे. मराठी माध्यमातील सात आणि इंग्रजी माध्यमातील सात विद्यार्थ्यांच्या ४९ जोड्या होतात. त्यांपैकी ४३ जोड्यांत इंग्रजी माध्यमातील विद्यार्थ्याच्या चुका अधिक आहेत. म्हणजे सुमारे ८८ टक्के. हा आकडा p पेक्षा अधिक बोलका आहे, आणि तो प्रकल्पात जरूर द्यावा.

प्रकल्पातील निवेदन पुढीलप्रमाणे असावे : ‘ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांचे मध्यांक मराठी माध्यमात ४, सेमी-इंग्रजीत ७.५ आणि इंग्रजी माध्यमात १२ होते. प्राप्तांक उजवीकडे तिरपे व गट लहान असल्याने क्रुस्कल-वॉलिस कसोटी वापरली. गटांत सार्थक फरक आढळला (H = ७.२८, स्वाधीनता मात्रा २, p = ०.०२६). डन यांच्या पद्धतीने केलेल्या तुलनेत केवळ मराठी व इंग्रजी माध्यमांतील फरक सार्थक ठरला (दुरुस्त p = ०.०२१).’

‘इंग्रजी माध्यमामुळे चुका वाढतात’ हे वाक्य येथे हेतुतः नाही. विद्यार्थ्यांना माध्यम आपण चिठ्ठ्या टाकून वाटून दिलेले नव्हते. घरची भाषा, वाचनाची सवय, अकरावी-बारावीतील मराठीचा अभ्यास या गोष्टीही माध्यमाबरोबरच बदलतात, आणि त्या वेगळ्या काढण्याचे सामर्थ्य क्रमांकांच्या कसोटीत नाही.

४.८ सरावासाठी

तीन वयोगटांतील प्रत्येकी पाच व्यक्तींच्या तीन मिनिटांच्या मराठी संभाषणातील इंग्रजी शब्दांची संख्या पुढे दिली आहे (आकडे कल्पित). साठीपुढील : १, २, ४, ६, २०. चाळिशीतील : ३, ५, ८, ९, ११. विशीतील : ७, १०, १३, १६, ३१. क्रमांक लावून H काढा, निर्णय द्या आणि निष्कर्षाचे एक वाक्य लिहा.

उत्तर : क्रमांकांच्या बेरजा २७, ३६ व ५७ (एकूण १२०). समान प्राप्तांक नसल्याने दुरुस्तीची गरज नाही. H = ४.७४, हे ५.९९ पेक्षा लहान आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारता येत नाही आणि डन यांच्या तुलनेकडे जाऊ नये. निष्कर्षात ‘तिन्ही वयोगटांत इंग्रजी शब्दांचा वापर सारखाच आहे’ असे न लिहिता ‘पंधरा व्यक्तींच्या या नमुन्यात वयोगटांतील फरक सिद्ध झाला नाही, मध्यांक अनुक्रमे ४, ८ व १३ आहेत’ असे लिहावे.